कोटेशनमध्ये अंदाजाने लिहिण्यासारखे असते तरी किती? : एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया :

"लेख वाचला. कोटेशन म्हणजे अंदाज असतो, एवढी साधी गोष्ट तुम्हाला कळत नाही? खाली तसे लिहिलेलेही असते. आरटीओ, विमा यांचे आकडे शोरूमच्या हातात नसतात. विमा बाहेरून घ्या म्हणता, मग क्लेमच्या वेळी कॅशलेस मिळाले नाही की शिव्या पुन्हा शोरूमलाच. सेल्समनचे पोट याच मार्जिनवर चालते. दहा लाखांची गाडी घ्यायची आणि चाळीस हजारांसाठी रडायचे, ही आपली मध्यमवर्गीय सवय. आधी एखाद्या शोरूममध्ये काम करून बघा, मग लिहा."

महोदय,

तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण ते वाचून मी बराच वेळ अस्वस्थ होतो. मी शोरूममध्ये काम केले आहे. नाशिकमध्ये एका चारचाकीच्या डीलरकडे मी काही वर्षे बिलिंगच्या टेबलावर होतो. दसऱ्याच्या आदल्या रात्री उशिरापर्यंत बसून बिले काढली आहेत आणि दुसऱ्या दिवशी पेढ्यांचे बॉक्स घेऊन उभ्या असलेल्या कुटुंबांच्या हातात शेवटचा हिशेब ठेवला आहे. पहिल्या कोटेशनचा कागद आणि तो शेवटचा कागद, दोन्ही माझ्या टेबलावरून जात. माहीत नसलेल्या माणसाला असे सुनावण्याआधी तुम्ही एकदा विचारायला हवे होते. नव्या गाडीच्या पहिल्या कोटेशनपेक्षा शेवटचा हिशेब का वाढतो, यावरचा माझा मूळ लेख याच अनुभवातून लिहिला होता, ऐकीव गोष्टींवरून नाही.

आता तुमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. कोटेशन अंदाज असते असे तुम्ही म्हणता, आणि आरटीओ नि विमा हे आकडे शोरूमच्या हातात नसतात असेही म्हणता. दुसरे वाक्य खरे आहे, आणि म्हणूनच पहिले टिकत नाही. शोरूमच्या हातात नसलेला आकडा शोरूमला वाढवताही येत नाही. तो सरकारने ठरवलेला असतो आणि कोणालाही कागद-पेन घेऊन काढता येतो.

माझ्या भाच्याचे उदाहरण देतो. पुण्यात राहतो, गेल्या दसऱ्याला पेट्रोलवरची १२०० सीसीच्या आतली गाडी घेतली, स्वतःच्या नावावर, कर्ज काढून. शोरूमचे नाव लिहीत नाही. पहिले कोटेशन व्हॉट्सअ‍ॅपवर आले ते असे : एक्स-शोरूम ८,४०,०००, आरटीओ ९५,०००, विमा ३२,०००, फास्टॅग ५००. एकूण ९,६७,५००. डिलिव्हरीच्या दोन दिवस आधी, बँकेचे पैसे शोरूमच्या खात्यात जमा झाल्यावर, नवा कागद आला. एक्स-शोरूम तेच ८,४०,०००. आरटीओ १,०२,५००. विमा ४६,१६०. 'इसेन्शियल किट' १४,५००. 'हँडलिंग' ६,५००. फास्टॅग तेच ५००. एकूण १०,१०,१६०. म्हणजे गाडीची किंमत एका रुपयानेही न वाढता ४२,६६० वाढले.

यातल्या आरटीओच्या ओळीत अंदाजाला जागा किती होती ते पाहा. महाराष्ट्रात स्वतःच्या नावावर घेतलेल्या पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के एकरकमी कर आहे. ८,४०,००० चे ११ टक्के ९२,४०० होतात. नोंदणी फी ६००, कर्ज असल्यामुळे बँकेचा बोजा नोंदवण्याचे, म्हणजे हायपोथेकेशनचे १,५००, स्मार्ट कार्डाचे २००. बेरीज ९४,७००. पहिल्या कोटेशनमध्ये ९५,००० लिहिले होते, आणि तो आकडा जवळजवळ योग्य होता. एक्स-शोरूम बदलली नाही, सीसी बदलले नाही, इंधन बदलले नाही, मालक बदलला नाही. मग करातले ७,५०० कुठून वाढले? सरकारने मागितलेले नाहीत. कर भरल्यावर वाहन पोर्टलवरून जी पावती निघते तिच्यावर कर आणि फी वेगवेगळी छापलेली असते. भाच्याने ती पावती मागून घेतली आणि वरचे पैसे परत मागितले. मिळाले, पण रोख नाही. पहिल्या सर्व्हिसच्या बिलात वळते केले.

विम्याचेही असेच बघू. चारचाकी नवी घेताना तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सप्टेंबर २०१८ पासून. त्याचा दर विमा कंपनी किंवा शोरूम ठरवत नाही. १००० ते १५०० सीसीच्या गाडीला जून २०२२ च्या दरांप्रमाणे तो १०,६४० आहे, वर जीएसटी. बदलू शकतो तो आपल्याच गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ओन डॅमेजचा हप्ता आणि त्याच्या पाठीला लावलेली अ‍ॅड-ऑन कव्हर्स. भाच्याच्या पहिल्या ३२,००० मध्ये सुट्या भागांचा घसारा न कापणारे झिरो डेप होतेच. दुसऱ्या कागदात रिटर्न टू इन्व्हॉइस, इंजिन प्रोटेक्ट, टायर, हरवलेली चावी आणि कन्झ्युमेबल्स अशी पाच कव्हर्स न विचारता घातली होती. त्यांचे १२,००० आणि १८ टक्के जीएसटी मिळून १४,१६० होतात, वाढही नेमकी तेवढीच. यात अंदाज चुकलेला नाही. कोणीतरी बसून पाच खुणा केल्या आहेत. त्या का केल्या जातात हेही मला माहीत आहे. दर महिन्याच्या मीटिंगमध्ये प्रत्येक सेल्समनला इन्शुरन्स पेनिट्रेशन किती, म्हणजे किती ग्राहकांनी विमा शोरूममधूनच घेतला, आणि गाडीमागे अ‍ॅक्सेसरीज किती हे विचारले जाते. पाचांपैकी इंजिन प्रोटेक्ट भाच्याने ठेवले, कारण त्याच्या सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये पावसाळ्यात पाणी शिरते. बाकीची काढायला लावली. ठेवायचे की काढायचे हे त्याने ठरवले, एवढाच माझा आग्रह होता आणि आहे.

हँडलिंगबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. गाडी कारखान्यातून शोरूमपर्यंत येण्याचा खर्च एक्स-शोरूम किमतीत आलेला असतो. पूर्ण तयार नवी गाडी नोंदणीसाठी आरटीओत नेऊन दाखवण्याची गरज आता उरलेली नाही, कागदपत्रे डीलरकडूनच ऑनलाइन जातात. मग हाताळले काय, हे भाच्याने लेखी विचारले. उत्तर आले नाही, ओळ मात्र कागदावरून गेली. किटही गेले. फ्लोअर मॅट तेवढे त्याने वेगळे बिल घेऊन विकत घेतले.

एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे आणि ती मान्य करतो. बुकिंग आणि डिलिव्हरी यांच्यामध्ये कंपनीने किंमत वाढवली तर कोटेशन खरोखर बदलते. बुकिंग फॉर्मवर 'डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू' असे छापलेले असते आणि जानेवारीत हे बऱ्याचदा घडते. मूळ लेखात मी हे एका ओळीत उरकले होते, जास्त लिहायला हवे होते. विशेषतः दहा लाखांच्या सीमेवरच्या गाडीला हे चांगलेच लागते. समजा बुकिंगच्या वेळी एक्स-शोरूम ९,९६,००० होती. ११ टक्क्यांनी कर १,०९,५६०. किंमत ८,००० ने वाढून १०,०४,००० झाली की दर १२ टक्के होतो, आणि तो वरच्या चार हजारांवर नाही, पूर्ण किमतीवर लागतो. कर १,२०,४८० होतो. शिवाय दहा लाखांवरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर, घेतला जातो, तो १०,०४०. म्हणजे ८,००० च्या वाढीमुळे खिशातून २८,९६० जास्त जातात. टीसीएस तुमच्या पॅनवर जमा होतो आणि आयकर विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, पण त्या दिवशी तो द्यावाच लागतो. अशा ग्राहकाने शोरूमवर आरोप केला तर मीही शोरूमच्याच बाजूने बोलेन. पण इथेही आकडा अंदाजाने येत नाही, हिशेबाने येतो. जो सेल्समन ग्राहकाला हा हिशेब पाच मिनिटे बसून दाखवतो, त्याच्याशी कोणी भांडत नाही.

कॅशलेसबद्दल : कोणत्या विमा कंपनीचा तुमच्या गावातल्या वर्कशॉपशी करार आहे, हे पॉलिसी घेण्याआधी वर्कशॉपलाच फोन करून विचारता येते. शोरूममधून घेतलेली पॉलिसीही कुठल्यातरी विमा कंपनीचीच असते. आणि विमा आमच्याकडूनच घ्या अशी सक्ती डीलरला करता येत नाही, हे विमा नियामकाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. एवढे पुरे.

सेल्समनच्या पोटाचा मुद्दा मला तुमच्याइतकाच कळतो, कदाचित जास्त, कारण ती मुले माझ्याबरोबर डबा खात असत. त्यांचा पगार कमी आहे ही मालकाची जबाबदारी आहे. ती ग्राहकाच्या करपावतीत लपवून भागवायची, हे तुम्ही इतक्या सहज लिहून गेलात याचे मला वाईट वाटते.

आता त्या 'रडण्या'बद्दल. भाच्याच्या ४२,६६० मध्ये त्याचे जवळजवळ चार हप्ते होते. बहुतेक लोक त्या दिवशी काहीच बोलत नाहीत, हे मी टेबलाच्या त्या बाजूने पाहिले आहे. कर्ज सुटलेले असते, जुनी गाडी एक्सचेंजमध्ये दिलेली असते, मुहूर्त ठरलेला असतो, आई-वडील गावाहून आलेले असतात. वाढीव कागद नेमका तेव्हाच येतो. म्हणून मी लेखात सांगितले होते आणि पुन्हा सांगतो : बँकेला प्रोफॉर्मा इन्व्हॉइस देण्याआधी शोरूमकडून ओळवार हिशेब ईमेलवर घ्या, त्यात कर, नोंदणी फी, विम्याचे ओन डॅमेज, थर्ड पार्टी आणि प्रत्येक अ‍ॅड-ऑन वेगळे लिहून मागा, आणि कर्ज सुटण्याआधीच त्यावर हरकत घ्या. हे करणाऱ्या माणसाला रडका म्हणणे मला मान्य नाही.

तुमच्याकडे वेगळा अनुभव असेल तर जरूर लिहा. एखाद्या गाडीचे पहिले कोटेशन, शेवटचे बिल आणि कराची पावती, नावे झाकून, पाठवा. मी ओळीनओळ तपासून इथेच उत्तर देईन, आणि फरक रास्त निघाला तर तसेही लिहीन. मात्र वाचकांच्या ऐपतीवर आणि सवयींवर बोट ठेवणारी पुढची प्रतिक्रिया मी प्रसिद्ध करणार नाही.