डब्यातला भात आणि झाकणावरचा आकडा

"लहान मुलांना साखरेचा आजार गोड खाऊन होतो. डब्यातला भात आणि केळं बंद करा, शुगर-फ्री बिस्किटं द्या, काही महिन्यांत इन्सुलिन सुटतं, असा मेसेज सगळीकडून येतोय. तुमच्या मुलीच्या डब्यात तर रोज भात-केळंच असतं, म्हणून विचारलं."

मॅडम, नमस्कार.

विचारलंत ते बरं केलंत. बरेच जण न विचारताच तिच्या डब्यातलं केळं बाजूला काढतात.

गोड खाण्याचं आधी सांगते. तिला आहे तो टाइप १ मधुमेह. यात शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. तो गोड खाऊन होत नाही आणि गोड सोडून जातही नाही. मोठ्या माणसांना सहसा होतो तो टाइप २ वेगळा. मेसेज लिहिणाऱ्याने दोन्ही एकाच पातेल्यात ढवळलेत.

आता डबा. आजचाच घ्या. शिजलेला भात १२० ग्रॅम, म्हणजे साधारण ३४ ग्रॅम कर्बोदकं. शंभर ग्रॅम साधं दही, त्याचे ५. अर्धं केळं, त्याचे ११. एक उकडलेलं अंडं, त्यात जवळजवळ शून्य. बेरीज ५०. झाकणावर चिकटपट्टी लावून मी जो आकडा लिहिते तो हाच. तिला २० ग्रॅम कर्बोदकांमागे १ युनिट इन्सुलिन लागतं, म्हणून ती मधल्या सुट्टीच्या दहा मिनिटं आधी इन्सुलिन टोचायच्या पेनने अडीच युनिटं घेते. हे प्रमाण तिच्या डॉक्टरांनी ठरवलंय, दुसऱ्या मुलाचं वेगळं असेल. भात मी सकाळी काट्यावर मोजते. अंदाजाने वाढला की दुपारी मीटर चुगली करतो.

शुगर-फ्री बिस्किटांचं म्हणाल, तर त्यांत साखर नसली तरी मैदा असतोच आणि पोटात गेल्यावर त्याचीही साखरच होते. पाकिटावर कर्बोदकांचा आकडा छापलेला असतो, तो वाचा. वर ती ‘चालतात’ म्हणून कुणी मोजतही नाही. त्यापेक्षा मोजलेला भात मला कितीतरी सोयीचा.

"काही महिन्यांत इन्सुलिन सुटतं" हे वाक्य धोक्याचं आहे, कारण त्यात अर्धं खरं आहे. आजार कळून उपचार सुरू झाले की उरल्यासुरल्या पेशींना थोडा विसावा मिळतो आणि काही महिने इन्सुलिन कमी लागतं. आमच्याकडेही झालं होतं, मलाही तेव्हा चमत्कारच वाटला. मग त्या पेशीही संपतात. त्याच काळात कुणी काढा किंवा पथ्य सुरू केलेलं असलं की श्रेय त्याला जातं. अशा वेळी इन्सुलिन थांबवलं, तर रक्तात कीटोन नावाची आम्लं साठून मूल एक-दोन दिवसांतसुद्धा अतिदक्षता विभागात पोहोचू शकतं. खाणं तोडून आजार आवरायचा प्रयोग जगाने करून पाहिलाय: इन्सुलिन येण्यापूर्वी या मुलांना जवळजवळ उपाशी ठेवत, म्हणजे मरण थोडं लांबे. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं, तेव्हा तो हाडांचा सापळा झाला होता. त्यानंतर तो आणखी १३ वर्षं जगला.

मला खरी भीती असते ती उरलेल्या डब्याची. गेल्या वर्षी नाचाच्या तालमीसाठी सुट्टी लवकर संपवली. अडीच युनिटं घेऊन झाली होती, पोटात गेला अर्धा भात आणि अंडं, म्हणजे जेमतेम १७ ग्रॅम. त्याला एक युनिटसुद्धा पुरेसं होतं. पुढच्या तासाला तिचं अक्षर ओळ सोडून खाली उतरायला लागलं, कुणी हाक मारली तर ती चिडली. सगळ्यांना वाटलं, रुसलीय. मैत्रिणीने घामेजलेला हात धरला तेव्हा कळलं. मीटरवर ५८. दोन ग्लुकोज गोळ्या चघळल्या, पंधरा मिनिटांनी ८४ झाली. ती वही मी जपून ठेवलीय, हवी तर दाखवीन.

म्हणून डब्याच्या कप्प्यात ग्लुकोजच्या चार गोळ्या असतात, त्या खाऊ नाहीत. साखर ७० च्या खाली गेली की दोन द्यायच्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, तरी कमीच असेल तर उरलेल्या दोन. चॉकलेट देऊ नका, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. आणि ती शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट अँब्युलन्स आणि मग मला फोन.

केळ्याचा दुसरा अर्धा भाग वेगळ्या डबीत असतो, तो बेरजेत धरलेला नाही. खेळाच्या तासाला साखर आपोआप उतरते, म्हणून तो त्याच्या आधी इन्सुलिनशिवाय खायचा. गुरुवारी खेळाचा तास रद्द झाला तर ती डबी तशीच घरी पाठवा.