ऑफिसची वेळ बदलताय? कुणाला कळू देऊ नका

समजा, बेळगावच्या उद्यमबाग वसाहतीतल्या तुमच्या कारखान्याचं ऑफिस साडेनऊला भरतं आणि सहाला सुटतं. पुण्याला माल नेणाऱ्या ट्रान्सपोर्टवाल्यानं सांगितलंय की आता त्याची गाडी सातला नाही, साडेपाचलाच सुटणार. बिलं, ई-वे बिल, गेटपास सगळं पाचच्या आत हातात हवं. म्हणून साहेबांनी ठरवलं, ऑफिस साडेआठ ते पाच. जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी आहे तशीच. कामाचे आठ तास होते, आठच राहिले. दिवस तेवढा तासभर अलीकडे सरकला.

आता हे सगळ्यांना सांगायची जबाबदारी तुमच्यावर आली आहे. घबराट नको, अफवा नकोत, एवढंच साहेबांचं म्हणणं. तर आधी ट्रान्सपोर्टवाल्याचं नाव काढू नका. कारण सांगितलं की लोक विचार करतात, आणि विचार करणारा माणूस प्रश्न विचारतो. 'व्यवस्थापनाच्या निर्णयानुसार' हे दोन शब्द पुरेत. त्यांच्यापुढे 'पुढील आदेशापर्यंत' असं लिहा, म्हणजे हे कायमचं की महिनाभराचं हेही कुणाला कळणार नाही. तास तेवढेच आहेत आणि पगार तोच आहे, ही ओळ तर चुकूनसुद्धा घालू नका. जे बदललेलंच नाही ते कशाला लिहायचं? कागद वाया जातो.

नोटीस शनिवारी सुटायच्या वेळी लावा. लोक घाईत असतात, वाचून लगेच घरी जातात, मध्ये रविवार येतो, डोकी शांत होतात. सोमवारी पहिल्या चहालाच तुम्हाला त्या शांततेचा प्रत्यय येईल. रविवारभर नोटिशीचा फोटो खानापूर, कंग्राळी, वडगाव असा फिरून आलेला असतो. निम्मा भाग बोटाच्या सावलीत गेलेला, त्यामुळे 'साडेआठ' तेवढं दिसतं आणि 'पाच' दिसत नाही. अकाउंट्समधल्या बाई आल्या आल्या विचारतात, "आता साडेआठ ते सहा काय ओ? साडेनऊ तास?" तोवर स्टोअरवाल्यांनी पुढचा शोध लावलेला असतो. "ऐकलासा काय? कंपनी शिनोळीला हलवालेत म्हणे."

शिनोळीचा उगम बाहेरच्यांना कळणार नाही. सीमा ओलांडली की चंदगड तालुका लागतो, तिथं महाराष्ट्राची औद्योगिक वसाहत आहे, आणि बेळगावातला कारखाना तिकडं जाणार ही बातमी आमच्याकडे कायम तयार असते. तुम्ही कारण दिलं नाहीत की ती जागा लोक हाताशी असलेल्या गोष्टीनं भरतात. बेळगावात हाताशी शिनोळी असते.

तारीख निवडतानाही असाच विचार करा. १ नोव्हेंबर कशी वाटते? महिन्याची पहिली तारीख, हिशेबाला सोपी. कर्नाटकात त्या दिवशी राज्योत्सवाची सुट्टी द्यावीच लागते, आणि याच शहरात मराठी माणसं तो काळा दिवस पाळतात, एवढीच काय ती अडचण. '१ नोव्हेंबरपासून सर्वांनी साडेआठला हजर राहावे' असं वाचल्यावर कन्नड माणूस म्हणतो, आमची सुट्टी काढली. मराठी माणूस म्हणतो, आम्हाला काळ्या दिवसाच्या फेरीत जाऊ द्यायचं नाही म्हणून ही युक्ती. दोन्ही बाजूंना एकाच ओळीत एकाच वेळी संशय यावा, हे सत्तर वर्षांत फारच थोड्यांना जमलंय.

भाषेचं म्हणाल तर नोटीस फक्त इंग्रजीत काढा. कन्नड आधी की मराठी आधी हा वादच मिटतो. मग सिक्युरिटीवाला कन्नडमध्ये एक अर्थ सांगेल, पॅकिंगमधला मुकादम मराठीत दुसरा, आणि 'रिव्हाइज्ड वर्किंग अवर्स' याचा अर्थ 'तास वाढवले' असाच होतो यावर मात्र दोघांचं एकमत होईल.

कायदा इथं जरा आडवा येतो. कामाचे तास आणि विश्रांतीची वेळ बदलायची तर कामगारांना २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागते. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात ही अट होती, २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे, आणि टेबलावर बसणारा कारकूनसुद्धा त्यात कामगारच धरला जातो. पण २१ दिवसांत खानापूरचा माणूस आधीच्या बसची चौकशी करेल, बायका पोरांच्या रिक्षावाल्याशी बोलतील, कुणी येऊन "साहेब, पहिला आठवडा पावणेनऊ-नऊ चालवून घ्या" असं म्हणेल. म्हणजे अडचणी आधीच समजतील. त्या पहिल्या दिवशी एकदम समजण्यात जी मजा आहे ती गेली.

हजेरीच्या मशीनचं मात्र आधी बघा. नोटीस लागायच्या दोन दिवस आधीच सॉफ्टवेअरमध्ये नवी शिफ्ट भरून टाका. सव्वानऊला अंगठा लावणाऱ्या प्रामाणिक माणसाला लेट मार्क पडला की त्याला आपोआप कळतं, काहीतरी चाललंय. शिफ्ट भरताना शनिवारचा अर्धा दिवस आणि ठेकेदाराची माणसं विसरा. त्यांना कुणीच काही सांगितलेलं नसतं, म्हणून सगळ्यात खात्रीची माहिती तेच देतात.

सुपरवायझरांना आधी सांगायचा मोह टाळा. त्यांना कळलं तर ते माणसांना उत्तर देतील. नाही कळलं तर ते खांदे उडवून "मलाही आत्ताच कळालं" म्हणतील, आणि ज्याला साहेबांनी विश्वासात घेतलं नाही अशा माणसाच्या तोंडून आलेली भीती लोकांना लगेच पटते.

एवढं करूनही अफवा उठलीच तर दुसरी नोटीस काढा: 'कर्मचाऱ्यांनी अफवांवर विश्वास ठेवू नये.' कोणती अफवा ते लिहू नका. ज्यांनी शिनोळीचं ऐकलं नव्हतं तेसुद्धा त्या दुपारी विचारून घेतात.

याच वसाहतीत एका ठिकाणी हे सगळं फार रूक्ष पद्धतीनं केलं गेलं. मंगळवारी सकाळी दहाला सुपरवायझरांना बोलावलं, कारण सांगितलं, त्यांच्या शंका लिहून घेतल्या. साडेअकराला प्रत्येकानं आपापल्या माणसांना तोंडी सांगितलं, आणि बाराला नोटीस लागली. कन्नड, मराठी, इंग्रजी, एकाच कागदावर. ट्रान्सपोर्टची गाडी साडेपाचला सुटते म्हणून ऑफिस साडेआठ ते पाच. कामाचे तास आठच, पगार, सुट्ट्या, शनिवार यांत बदल नाही. ठेकेदाराच्या माणसांनाही हीच वेळ. सुरुवात नोव्हेंबरच्या दुसऱ्या सोमवारी, म्हणजे नोटिशीपासून जवळजवळ चार आठवडे. पहिला आठवडा लेट मार्क नाही. बसची अडचण असेल त्यानं अमुक माणसाला शुक्रवारच्या आत भेटावं. त्या माणसाचं नाव आणि टेबल कुठं आहे तेही लिहिलेलं.

खानापूरकडचे काही जण भेटले. त्यांची बस वेळेत पोचत नव्हती, म्हणून त्यांना नऊ ते साडेपाच दिलं आणि गाडीचे कागद दुसऱ्यांकडे सोपवले. विषय संपला. गेटबाहेरच्या टपरीवर त्या आठवड्यात क्रिकेटवर चर्चा झाली. आणि ज्यानं हे जमवलं त्या एचआरवाल्याला वर्षाच्या शेवटी साहेबांनी विचारलं, "बाकी तुम्ही यंदा काय केलासा ओ?"