पीओ नंबर सब्जेक्टमध्ये टाकायचा नाही, म्हणे!

"पर्चेस मॅनेजरला दिवसाला शंभर मेल येतात. सब्जेक्टमध्ये URGENT टाका, पीओ नंबर वगैरे रुक्ष आकडे नकोत, उत्सुकता वाटेल असं लिहा. सुरुवात नम्रपणे करा, आधीच्या बोलण्याचा संदर्भ द्या, मग मुद्द्यावर या. मेल उघडलाच जाईल." (व्हेंडर मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणारा सल्ला)

मी चाकणला पर्चेसमध्ये बसतो, म्हणजे हे मेल ज्याला येतात त्याच्या खुर्चीत.

URGENT चं आधी उरकतो. सकाळी इनबॉक्समध्ये पाचसात मेल URGENT म्हणून आलेले असतात. त्यातला खरा कुठला, हे त्या शब्दावरून कळत नाही, तारखेवरून कळतं. आणि लाइन खरंच थांबणार असेल तर शहाणा व्हेंडर आधी फोन करतो, मेल नोंदीसाठी टाकतो.

उत्सुकतेचा सल्ला मात्र मुळातच चुकीचा आहे. ऑर्डरचा मेल आम्ही कुतूहल म्हणून उघडत नाही, बहुतेक वेळा तो शोधून काढतो. स्टोअर्समधून फोन येतो, "साहेब, या पीओचं काय झालं?", की मी मेलच्या सर्चमध्ये पीओ नंबर टाकतो. नंबर फक्त जोडलेल्या स्कॅन पीडीएफमध्ये असेल, तर तो मेल सर्चमध्ये सापडेलच याची खात्री नाही. मोबाइलवर सब्जेक्टचे सुरुवातीचे चारपाच शब्दच दिसतात, म्हणून नंबर पुढे हवा, कंपनीचं नाव नको. नाव पाठवणाऱ्याच्या रकान्यात असतंच.

एक उदाहरण घेऊ. भोसरीच्या एका वर्कशॉपला 400 बुशची ऑर्डर गेली. पीओच्या लाइन 20 वर ड्रॉइंगचं रिव्हिजन C आहे, मेलला जोडलेलं ड्रॉइंग मात्र D. D मध्ये बोअरचा टॉलरन्स H8 चा H7 झालाय, म्हणजे त्यांच्याकडे होनिंग वाढतं, आणि नगामागे 14 रुपयेही. फॉरवर्डमधल्या सल्ल्याने लिहिलं तर सब्जेक्ट होईल "URGENT - Kindly look into this". इनबॉक्समध्ये त्याखाली जी एक ओळ दिसते, ती "आपण कुशल असाल अशी आशा, कालच्या फोनवरील चर्चेच्या अनुषंगाने" एवढ्यातच संपेल. मुद्दा चौथ्या ओळीत. त्यापेक्षा हे पाहा:

```
PO 4500018273 Line 20: Rev C or D? Reply by 12 June
```

आणि नमस्कारानंतर लगेच पहिलं वाक्य, मराठीत सांगायचं तर: "लाइन 20 ला पीओवर C आहे आणि ड्रॉइंगवर D, कुठल्या रिव्हिजनने करायचं ते 12 जूनपर्यंत कळवा, 16 ला जॉब मशीनवर घेतोय." दुसरं: "D असेल तर होनिंगमुळे नगामागे 14 रुपये वाढतील आणि पीओ अमेंडमेंट लागेल."

यात खरी मेख वेगळीच आहे. C की D, हे मी ठरवूच शकत नाही, ते डिझाइनवाले ठरवतात. मी फक्त फॉरवर्ड दाबतो. पहिलं वाक्य असं असेल की न बोललेल्या माणसालाही अख्खा प्रश्न कळेल, तर मला वर काही टाइप करावं लागत नाही आणि मेल दोन मिनिटांत पुढे जातो. "कालच्या चर्चेच्या अनुषंगाने" असेल तर ती चर्चा काय होती हे मला लिहायला लागतं, मग मेल संध्याकाळवर जातो. आणि संध्याकाळ आमच्याकडे कशी असते ते सांगायला नको.

तारखेचंही तसंच. 16 ला काम सुरू करायचं असताना 15 ची तारीख देऊन उपयोग नाही. दर बदलला की अमेंडमेंट सिस्टिममध्ये वरिष्ठांच्या मंजुरीला जाते. ते बाहेरगावी असले की दोन दिवस गेलेच.

"उत्तर न आल्यास आम्ही D प्रमाणे सुरू करतो" असं हल्ली बरेच जण पहिल्या परिच्छेदात टाकतात. डिस्पॅचची वेळ किंवा पॅकिंगचा प्रश्न असेल तर चालेल. दर आणि ड्रॉइंगला चालत नाही, कारण माझं गप्प राहणं म्हणजे अमेंडमेंट नव्हे. माल गेटवर येतो, पीओवर अजून C आणि जुनाच दर, इन्स्पेक्शन C च्या ड्रॉइंगने होतं, बिल पीओच्या दराशी जुळत नाही आणि पेमेंट अडकतं. तेव्हा तो मेल दाखवला तरी अकाउंट्सवाले सुधारलेला पीओच मागतात.

एका मेलमध्ये तीन पीओंचे प्रश्न घालू नका. सोप्याचं उत्तर मिळतं, बाकीचे दोन राहून जातात. आणि पीओ अजून निघालाच नसेल, तर त्याच जागी आमच्या एन्क्वायरीचा नंबर टाका.