चौदाशे चाळीसची मालमत्ता

तेरीज म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिल्लकांची नावे-जमा यादी. तिच्या दोन बाजू जुळल्या नाहीत तर शोधाशोध करायची नाही, हा पहिला नियम. शोधाशोध करणाऱ्याला नौपाड्यातून घरी जायला रात्रीचे दहा वाजतात. शहाणा माणूस तेरजेच्या तळाला एक ओळ वाढवतो, तिथे ‘उचंत खाते’ असं लिहितो, फरकाचा आकडा कमी पडणाऱ्या बाजूला टाकतो आणि सात वाजता तलावपाळीवर भेळ खात असतो.

हे मी अनुभवाने सांगतोय. नौपाड्यातल्या एका हार्डवेअरच्या दुकानाचा हिशेब मी लिहितो. तिथे खतावणी अजून हातानेच चालते, कारण शेठच्या मते कॉम्प्युटरला व्हायरस लागतो आणि वहीला फार तर वाळवी. यंदा मार्चअखेर सगळ्या खात्यांच्या शिल्लका काढल्या, तेरीज मांडली, तर नावे बाजू ८,४६,३५० आणि जमा बाजू ८,४७,७९०. जमेकडे १,४४० रुपये जास्त. बेरजा पुन्हा मारल्या, त्या बरोबर होत्या.

आता जुने मुनीम सांगतील की आधी फरकाचं निम्मं करून बघा. नावे पडायची शिल्लक चुकून जमेकडे गेली, तर ती इकडे कमी होते आणि तिकडे वाढते, त्यामुळे फरक दुप्पट दिसतो. म्हणजे ७२० रुपये शिल्लक असलेलं खातं शोधायचं. पाच मिनिटांचं काम. एवढ्या सोप्या कामात आपली हुशारी कोणाला दिसणार? तेव्हा तुम्ही सरळ नऊने भागा.

आकड्यातले दोन अंक उलटसुलट झाले, ५४ चे ४५ झाले, की फरकाला नऊने पूर्ण भाग जातो. १,४४० ला गेला, १६० आले. मला आनंद झाला आणि त्या आनंदात मी सव्वा तास उलटसुलट झालेला आकडा शोधत बसलो. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल असती, तर भागाकारातली शून्यं सोडून एकच अंक उरायला हवा होता. माझ्याकडे १६ उरत होते. म्हणजे तशी अदलाबदल झालेलीच नव्हती, आणि हे मला सव्वा तासानंतर सुचलं. मग शून्य गळालं असेल असं वाटलं, कारण १,६०० चे १६० लिहिले तरी फरक नेमका १,४४० येतो. हमाली पाहिली, वीजबिल पाहिलं. असं खातं कुठेच नव्हतं.

साडेआठ वाजले आणि मी वर दिलेला नियम पाळला. नावे बाजूला ‘उचंत खाते १,४४०’. तेरीज जुळली. तिच्यावरून नफा-तोटा पत्रक केलं, ताळेबंद केला. उचंत खात्याची नावे शिल्लक म्हणून ती मालमत्तेच्या बाजूला बसवली, आणि ताळेबंदही जुळला. (जुळलेल्या तेरजेकडे तर पुन्हा बघूच नका. टेम्पोच्या दुरुस्तीचे १२,००० रुपये दुरुस्ती खर्चाऐवजी टेम्पोच्या खात्याला नावे पडले, तरी बेरजेला काही कळत नाही. नफा तेवढा फुगतो आणि जुना टेम्पो कागदावर महाग होतो.)

दुसऱ्या दिवशी शेठनी चष्मा लावून मालमत्तेची यादी वाचली. दुकान, टेम्पो, अखेरचा माल, येणं. मग विचारलं, “ही उचंत गोदामात कुठे ठेवलीय हो?”

तेव्हा कुठे मी निम्मं केलं. ७२०. खतावणीत पानाच्या डोक्यावर नुसतं ‘कसर’ लिहिलेलं एक खातं होतं, त्याची शिल्लक नेमकी ७२०, नावे. गिऱ्हाइकांना सोडलेली कसर, म्हणजे दिलेली सूट, म्हणजे खर्च. दुकानातल्या पोराने यादी उतरवताना ती मिळालेली कसर समजून जमेकडे मांडली होती, आणि मीही नफा-तोटा पत्रकात तिला उत्पन्न म्हणून घेतलं होतं. खर्चाचे ७२० धरले नाहीत आणि उत्पन्नाचे ७२० फुकटचे आले, त्यामुळे नफा १,४४० ने जास्त. तो गेला शेठच्या भांडवलात, आणि समोरच्या बाजूला तेवढीच उचंत. ताळेबंद जुळला होता तो असा.

वहीत काहीच खोडावं लागलं नाही, चूक यादीतलीच होती. कसर नावे बाजूला आणली, उचंत काढली, दोन्हीकडे ८,४७,०७० आले. नफा १,४४० ने खाली आला तो शेठना दाखवला.

त्यांनी दोन्ही कागद शेजारी धरले. “कालचाही जुळत होता ना? मग तोच ठेवा की.”