मेंदी कलर दाखवा

नागपुरात महाल भागात आमचं मॅचिंग सेंटर आहे, म्हणजे ब्लाउजपीस, अस्तर, फॉल आणि रिळं, बाकी काही नाही. कॉलेज संपल्यापासून दुपारी बाबा जेवायला गेले की काउंटरवर मी. आता अशा दुकानात पुरुष म्हणजे एक तर बायकोनं चिंधी देऊन पिटाळलेला, जो गाडी बंद न करता बाहेरूनच "हे द्या" म्हणतो, नाहीतर बायकोसोबत आलेला, जो स्टुलावर बसून मोबाईल पाहत राहतो. स्वतःहून थानं पाहणारा पुरुष मी तरी पाहिला नव्हता. म्हणून हा आला आणि रुबियाच्या रॅकसमोर अर्धा अर्धा तास उभा राहायला लागला तेव्हा माझ्या डोक्यात जे यायचं तेच आलं, कोणाच्याही आलं असतं.

त्यात पुरावे असे की बास. एक तर तो सारखं विचारायचा, "हा कोणता कलर म्हणायचा?" मी म्हणायची रामा ग्रीन. "आणि हा?" बॉटल ग्रीन. "अच्छा." इतक्या प्रेमानं बॉटल ग्रीन ऐकणारा माणूस नॉर्मल असतो का? मग थान घेऊन उन्हात जायचा. आता हे सगळेच करतात, ट्यूबलाइटखाली जुळलेला कलर बाहेर हमखास वेगळा निघतो, बायका तर आधी पायरीवरच जातात. पण हा तिथं उभा राहून मोबाईल काढायचा आणि फोटो घ्यायचा, आणि मला वाटायचं कॅमेरा थोडा काउंटरकडे वळला आहे. मी केस नीट करून ठेवायची, कोणाला सांगू नका.

सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे तो परत यायचा. ऐंशी सेंटिमीटर कापून न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी हजर, "आई म्हणते हा नाही." आमच्याकडे बोर्डच आहे की कापलेला कपडा परत घेतला जाणार नाही, आणि त्या बोर्डाखाली उभं राहून अख्खं नागपूर आमच्याशी भांडतं. हा भांडायचा नाही! दुसरं ऐंशी सेंटिमीटर कापायला सांगायचा आणि पैसे द्यायचा. न भांडता पैसे देणारा मुलगा, मैत्रीण म्हणाली, हे तर लव्हच आहे बाप्पा.

मे महिन्यात, बाहेर पंचेचाळीस डिग्री, गिऱ्हाईक नाही, मी ठरवलं की आज सोक्षमोक्ष. त्याला मेंदी कलर पाहिजे होता. मी मेंदीचं थान टाकलं, त्याच्या बाजूला कत्थई टाकलं आणि जरा हसून विचारलं, "तुम्हाला कोणता आवडते?"

त्यानं दोन्हीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे दोन्ही एकच आहे ना?"

मला आधी वाटलं हा डायलॉग आहे. मग मी गुलाबी आणि राखाडी टाकले, एकदम फिके. घाम फुटला त्याला. मग बोलला बिचारा, की लाल-हिरव्यातलं त्याला नीट कळत नाही, जन्मापासून, मामालाही तसंच आहे. फोटो बहिणीला पाठवायचे असायचे, आणि मोबाईलमधला कलर तिकडे पोचेपर्यंत तिसराच होऊन जायचा. आई घरी ब्लाउज शिवते, पाठवते यालाच. आणि गंमत म्हणजे हे मुलाला येतं ते आईकडूनच, तिला स्वतःला सगळे शेड बरोबर दिसतात पण ती पुढे देऊन देते. म्हणजे जिनं दिलं तीच वरून ओरडते की डोळे फुटले का तुझे.

त्यानंतर मी नियमच केला, चिंधी माझ्या हातात द्यायची आणि गप उभं राहायचं. दोन मिनिटात काम. विषय संपायला पाहिजे होता.

पण तो दोन मिनिटात जात नाही ना! एक दिवस बाबा होते, नवीन माल आला होता, व्यापारी म्हणत होता प्युअर कॉटन आहे. यानं नुसतं बोटात धरून चुरगाळलं आणि म्हणाला, "काका, यात पॉलिस्टर आहे." बाबांना राग आला, त्यांनी एक धागा ओढून काडी लावली. कॉटन असतं तर कागदासारखा वास येऊन राख झाली असती. हा वितळला आणि टोकाला कडक काळा मणी झाला. बाबांनी तो मणी मला दाखवला, शेजारच्या भांड्यांच्या दुकानात दाखवला, आणि तेव्हापासून माल आला की थान उघडायच्या आधी याला फोन जाते. दोघं काड्या जाळत बसतात, चहा मी आणायचा.

परवा तो दुपारी आला. मी नवीन ड्रेस घातला होता, मेंदी कलरचा, म्हणजे त्याच्यासाठी कत्थईच. त्यानं आत पाहिलं, गल्ल्याकडे पाहिलं, मग मला विचारलं, "काका जेवून राहिले का? मी थांबतो."