दुसऱ्या पसंतीच्या उमेदवाराला काय सांगायचं?

"निर्णयच झाला नसेल तर उमेदवाराला कळवण्यासारखं काही नसतं."

हे म्हणणं मला अजिबात पटलं नाही. मी अंधेरीतल्या एका कंपनीत भरतीचं काम बघते. शेवटच्या फेरीनंतर सगळ्यात जास्त ताटकळतो तो दुसऱ्या पसंतीचा उमेदवार. पहिल्याला ऑफर गेलेली असते, तो पगारावर घासाघीस करत असतो आणि विरारहून रजा टाकून प्रत्येक फेरीला आलेल्या या माणसाला 'प्रोसेस चालू आहे' एवढंच ऐकवलं जातं.

मी त्याला सरळ सांगते, "ऑफर दुसऱ्याला दिली आहे. त्यांचं उत्तर शुक्रवारपर्यंत येईल, सोमवारी संध्याकाळी मी तुम्हाला फोन करते. तोवर दुसरीकडून चांगली ऑफर आली तर आमच्यासाठी थांबू नका." सोमवारी काहीच ठरलेलं नसलं तरी फोन करतेच आणि पुढची तारीख देते. ऐकणाऱ्याला क्षणभर वाईट वाटतं, पण दुसऱ्या ऑफरला काय उत्तर द्यायचं हे त्याला ठरवता येतं. आणि 90 दिवसांच्या नोटीस पिरियडमध्ये पहिला उमेदवार गळाला, असं आमच्याकडे वरचेवर होतं. तेव्हा ज्याला खरं सांगितलेलं असतं तोच फोन उचलतो. झुलवत ठेवलेला माणूस नंबर बघून कट करतो.