ग्लासातलं बर्फ-पाणी त्रिक बिंदूवर नसतं

«बर्फ, पाणी आणि वर वाफ, तिन्ही एका ग्लासात. म्हणजे शून्य अंश हाच पाण्याचा त्रिक बिंदू.»

नाही. ग्लासावर हवा आहे, हे इथे सोयीस्करपणे विसरलं जातं. प्रावस्था नियम सांगतो F = C − P + 2. इथे C म्हणजे घटकांची संख्या, P म्हणजे घन, द्रव, वायू अशा प्रावस्थांची संख्या आणि F म्हणजे तापमान, दाब अशा किती गोष्टी मोकळेपणाने बदलता येतात ते. निव्वळ पाण्यासाठी C = 1, तीन प्रावस्था असल्या की F = 0. म्हणजे तापमान आणि दाब दोन्ही ठरलेले, हाच त्रिक बिंदू: 0.01 अंश सेल्सिअस आणि जेमतेम 612 पास्कल, वातावरणाच्या दाबाच्या सुमारे 1/165. हवा आली की घटक दोन धरा, F = 1. दाब बदला, तिन्ही प्रावस्था राहतात, फक्त तापमान किंचित सरकतं.

मग ग्लासात शून्यच का, ते 0.01 अंश कुठे गेलं? वातावरणाच्या दाबाने गोठणबिंदू साधारण 0.0075 ने उतरतो, उरलेलं काम विरघळलेल्या हवेचं. म्हणूनच प्रयोगशाळेतला त्रिक बिंदूचा काचपात्र-संच हवा काढून सीलबंद केलेला असतो.

दाब-तापमानाच्या आकृतीत त्रिक बिंदूपासून निघालेली उकळण्याची रेषा मात्र 374 अंश आणि 220 बारच्या आसपास, क्रांतिक बिंदूवर, चक्क संपते. तिथे द्रव आणि वाफेची घनता सारखी होऊन मधली सीमारेषाच पुसली जाते. त्यापुढची अवस्था ही आणखी एक वेगळी प्रावस्था नव्हे.